‘सर, हे लिहून घ्यायचं का?’

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. मी बोलत असतो, समोर साठ-सत्तर पोरं बसलेली असतात, वह्या उघड्या, पेनं आडवी. मध्येच कुणीतरी विचारतं, "सर, हे लिहून घ्यायचं का?" मी हो म्हटलं की सगळी पेनं एकदम उचलली जातात आणि नाही म्हटलं की तशीच एकदम खाली पडतात. काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे दहा वर्षं दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. बाईंचा आवाज संथ झाला, प्रत्येक वाक्य दोनदा आलं, शेवटी ‘पूर्णविराम’ असा उच्चार झाला, की ते लिहायचं. बाकीचं ऐकलं नाही तरी चालतं.

दोष मुलांचा नाही. वर्गात नोट्स सांगायच्या आणि त्या उतरवून घ्यायच्या, हीच आपल्याकडची रीत आहे. मीही बरीच वर्षं तेच केलं. ‘नवीन परिच्छेद’, ‘अवतरणचिन्ह सुरू’ असं म्हणत वर्गात फेऱ्या मारण्यात एक सुख असतं, वर्ग शांत असतो. वही तपासणीला सगळ्या वह्या सारख्या दिसतात आणि प्राचार्यही खूश. पण त्या शांततेचा हिशोब एकदा मांडून बघायला हवा.

वर्गात साध्या वेगाने बोलणारा शिक्षक मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो. मुलाचा हात मिनिटाला वीस, फार तर पंचवीस शब्द लिहितो. म्हणजे सांगून लिहवायचं तर शिक्षकाला हाताच्या वेगावर उतरावं लागतं. चाळीस मिनिटांच्या तासातून हजेरी आणि फळा पुसणं वजा केलं की पस्तीस मिनिटं उरतात. वीस शब्दांच्या वेगाने त्यात सातशे शब्द होतात, पाठ्यपुस्तकाची जेमतेम दोन पानं, आणि तीही पुस्तकात आधीच छापलेली असतात. तेवढ्याच वेळात बोलून तीन हजारांवर शब्द होतात, त्यात उदाहरण बसतं, उलट प्रश्न बसतो, विनोदही बसतो. "टिपणं शिकवत बसलो तर पोर्शन कधी संपवायचा?" असं विचारणारे सहकारी स्वतः सगळ्यात हळू मार्गाने पोर्शन संपवत असतात.

माझं म्हणणं असं की अकरावीच्या पहिल्या सत्रात, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने, आपल्याच विषयाच्या तासात, ऐकताना टिपण कसं काढायचं हे शिकवलं पाहिजे. आणि त्यातला मुख्य धडा पानाच्या आखणीचा नसून दोन वह्या शेजारी ठेवून ताडून बघण्याचा असला पाहिजे. आखणी दहा मिनिटांत शिकवून होते. काय सुटलं हे ज्याचं त्याला कधीच दिसत नाही, कारण जे सुटलं ते पानावर नसतंच. ते दिसायला दुसरी वही लागते.

हे हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो. धडा रोजगार हमी योजनेचा. मी फळ्यावर काहीही न लिहिता, पुस्तकाचा क्रम न धरता, आठ मिनिटं बोललो. सूचना एवढीच होती की हवं ते, हवं तसं टिपा. त्यातला एक तुकडा साधारण असा होता:

"दुष्काळ पडला की सरकार पूर्वीही कामं काढायचंच. खडी फोडा, रस्ते करा, पाझर तलाव खणा. मग रोजगार हमीत नवीन काय होतं? वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग केला १९६५ मध्ये. लक्षात घ्या, ७२ चा दुष्काळ अजून यायचा होता. दुष्काळी काम ही एक प्रकारे मेहेरबानी. सरकारला वाटलं तर काढणार, वाटलं तर बंद करणार. इथे मागणारा माणूस आधी येतो. त्याने काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. योजना राज्यभर आली ७२ ला, कायदा झाला ७७ ला, तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. आता पैसा कुठून आणायचा? तुमच्यापैकी कुणाचे आईवडील पगारदार असतील तर त्यांची पगाराची पावती बघा. त्यात व्यवसाय कर म्हणून एक कपात दिसेल. तो कर १९७५ मध्ये लावला तो या योजनेसाठी. म्हणजे मुंबईतला कारकून माण तालुक्यातल्या बांधबंदिस्तीचे पैसे देत होता."

दुसऱ्या दिवशी वह्या उघड्या ठेवून पाच प्रश्न विचारले. पुस्तक बंद. पहिला प्रश्न होता, दुष्काळी कामं आणि रोजगार हमी यांत फरक काय. शेवटचा होता, योजनेचा पैसा कोणाकडून कोणाकडे गेला. वर्षांचा एकच प्रश्न मुद्दाम मध्ये घातला होता.

तीन वह्या माझ्या लक्षात राहिल्या. पहिली एका हुशार मुलीची. पान आखलेलं, मथळा लाल, आणि खाली एकाखाली एक: १९६५ विसापूर, १९७२ योजना, १९७५ व्यवसाय कर, १९७७ कायदा, १९७९ लागू. एकही साल चुकलेलं नव्हतं. पण फरकाच्या प्रश्नावर ती अडली. तिच्या पानावर फरकाला जागाच नव्हती, तिथे फक्त क्रम होता. दुसरी वही एका मुलाची. त्याने शब्दन् शब्द उतरवायला सुरुवात केली होती. "दुष्काळ पडला की सरकार पूर्वीही कामं काढायचं", पूर्ण वाक्य, मग "पागे विधान परिषदेचे सभा", आणि तिथे वाक्य तुटलेलं. पुढे मोठी रिकामी जागा, आणि मग एकदम "मुंबईतला कारकून". मधली दोन मिनिटं त्याच्या वहीत घडलीच नव्हती. तिसरी वही अगदी गबाळी. शिरोरेषा नाही, अक्षर तिरकं. पण तिच्यात एक ओळ होती: "दु. काम = मेहेरबानी, रोहयो = हक्क, मागणारा आधी." त्याखाली "शहर पगार → गाव मजुरी". सालं मात्र अर्धी, त्यात "कायदा ७९".

वही तपासणीत पहिलीला ‘उत्तम’ मिळालं असतं आणि तिसरीला ‘अक्षर सुधारा’. हा शेरा मी स्वतः शेकडो वह्यांवर मारला आहे.

मग पहिल्या आणि तिसऱ्या वहीच्या मालकांना एका बाकावर बसवलं. नियम तीन. आधी वही मिटून एकमेकांना धडा तोंडी सांगायचा. मग वह्या उघडून शेजारी ठेवायच्या. आणि जे घ्यायचं ते हिरव्या पेनाने, आपल्या पानावर जिथे ते बसतं तिथेच लिहायचं. मूळ निळं काहीही खोडायचं नाही. निळं म्हणजे मी ऐकलं तेवढं, हिरवं म्हणजे माझ्याकडून सुटलेलं. दोन रंग एका पानावर आले की मुलाला स्वतःच्या ऐकण्याची सवय दिसते. एकाचं हिरवं कायम आकड्यांत असतं, दुसऱ्याचं कायम ‘का’ या प्रश्नात.

त्या दोघांची खरी गाठ पडली ती ७७ आणि ७९ वर. ती म्हणे कायदा ७७ चा, तो म्हणे सर ७९ म्हणाले. दोघंही ठाम. मी उत्तर दिलं नाही. शेजारच्या जोडीकडे "कायदा ७७, लागू २६ जाने. ७९" असं नेमकं होतं. मग प्रश्न आला, "सर, कायदा झाला तरी दीड-दोन वर्षं लागू का नाही झाला?" या प्रश्नापर्यंत सांगून लिहवलेल्या नोट्समधून कुणी पोचल्याचं मला आठवत नाही. तिथे दोन्ही सालं एका वाक्यात, स्वल्पविरामासकट, आयती मिळतात, आणि आयत्यावर भांडण होत नाही.

या तुलनेतून आणखी एक गोष्ट कळली, जी मला वीस वर्षांत कळली नव्हती. मी "पगाराची पावती बघा" म्हणालो, तेव्हा वर्गातली बहुतेक पेनं खाली गेली होती. उदाहरण म्हणजे विश्रांती, असा त्यांचा समज आहे. पण त्या तुकड्यात मुद्दा उदाहरणातच होता. पैसा शहरातून गावाकडे गेला, हे मी वेगळं वाक्य करून सांगितलंच नाही. तेव्हापासून खुणेच्या शब्दांवर एक तास देतो. ‘मग नवीन काय’ म्हटलं की पुढे फरक येणार. ‘लक्षात घ्या’ म्हटलं की क्रम किंवा अपवाद. ‘म्हणजे’ आलं की आधी जे अवघड होतं ते आता सोपं होणार, तिथे लिहा. आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं, ‘नाही’ तर त्याच्याही मागून. वाक्य संपायच्या आत लिहायला लागलेला मुलगा कधी कधी नेमकं उलटं टिपून ठेवतो. म्हणून सांगतो, वाक्य पूर्ण ऐका, मग दोन शब्द लिहा.

पानाच्या आखणीबद्दल थोडक्यात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात जी रीत बसवली तीच मी वापरतो: उजवीकडे रुंद भागात वर्गातलं टिपण, डावीकडे अरुंद पट्टीत नंतर लिहायचे प्रश्न, तळाला चार-पाच ओळींत आपल्या शब्दांत सार. आपल्या लाँगबुकला डावीकडे जो समास असतो तो यासाठी फार चिंचोळा पडतो. पान डावीकडून साधारण एक तृतीयांश दुमडायचं, घडी हीच रेघ. घडीचा फायदा असा की अभ्यासाच्या वेळी टिपण मागे दुमडून फक्त प्रश्न समोर ठेवता येतात. संक्षेप मुलांचे मुलांनीच ठरवावेत. रोहयो, जि.प., उदा. हे तर आपल्याकडे रुळलेलेच आहेत. शिरोरेषा सोडली तरी चालते, हे मी उघड सांगतो आणि मराठीच्या मॅडम माझ्यावर रागावतात. आपल्या पूर्वीच्या कारकुनांनी वेगासाठी अख्खी मोडी वापरली, हे माझं त्यांना उत्तर असतं.

डाव्या पट्टीतले प्रश्न त्याच दिवशी संध्याकाळी लिहायचे, आणि प्रगती तिथेच मोजायची. सुरुवातीला सगळ्यांचे प्रश्न ‘रोहयो कधी सुरू झाली?’ असे असतात. सातव्या-आठव्या सरावाला ‘पैशासाठी वेगळा कर का लावला?’ असे येऊ लागतात. उजवीकडचं टिपण आखूड होत जाऊन डावीकडचे प्रश्न लांब होऊ लागले की समजावं, हात बसला. टिपणाची लांबी वाढत असेल तर पोरगं अजून उतरवूनच घेतंय.

तुलना तासाच्या शेवटी ठेवून चालत नाही. घंटा झाली की कुणी थांबत नाही. अमेरिकेतल्या रुल, ह्यूज आणि श्लॉस यांचा १९८७ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. व्याख्यान तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबवायचं, तेवढ्यात विद्यार्थ्यांनी जोडीने टिपणं ताडायची आणि शिक्षकाने गप्प बसायचं. या विद्यार्थ्यांना न थांबता ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त आठवलं. आमच्या तासाला तीन थांबे जड जातात, मी दोन घेतो. चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत वर्गात गलका होतो आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटतं की सरांचा वर्गावर ताबा नाही. शिक्षकाला खरं जड जातं ते गप्प राहणंच.

पहिल्याच दिवशी कोरं पान देऊन मुलांना पाण्यात ढकलू नये, हेही मी चुकूनच शिकलो. माझ्या पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाने तिसऱ्या दिवशी वही उघडणंच सोडलं. आता पहिल्या तीन सरावांना सांगाडा देतो: उपमथळे लिहिलेले, मध्ये जागा मोकळी. पुढच्या तीनला फक्त एवढंच, की आज चार मुद्दे येणार आहेत. मग तेही नाही. असे नऊ-दहा सराव, आठवड्याला एक, म्हणजे पहिलं सत्र. मुद्दे चार असताना मुलाकडे तीन किंवा सहा निघाले, तर ते स्वतःच मागे जाऊन बघतं की कुठे जोडलं आणि कुठे तोडलं.

तुलना बिघडते कशी, तेही सांगायला हवं. सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे पहिल्या नंबरच्या मुलीची वही हेच नवं गाईड होतं. तीन दिवसांत तिच्या पानांचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरतात. ओळखायची खूण सोपी आहे. एका वहीत हिरवंच हिरवं, दुसरीत एक थेंब नाही, आणि दोन्हींत तीच चूक. ‘विसापूर’ऐवजी ‘विजापूर’ मला एकदा अकरा वह्यांत सापडलं. यावर उपाय म्हणजे जोड्या दर आठवड्याला बदलायच्या आणि आधी तोंडी, मग वही, हा क्रम सोडायचा नाही. तोंडी सांगताना गबाळ्या वहीवाला बऱ्याचदा सुबक वहीवालीपेक्षा सरस ठरतो, आणि हे दोघांनाही कळणं चांगलं.

आक्षेप बरेच आहेत, त्यातला एक मला खरोखर वजनदार वाटतो. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर मागतात, तर टिपण कशाला? १९७२ साली डी व्हेस्टा आणि ग्रे या अभ्यासकांनी टिपणाचे दोन उपयोग वेगळे केले होते: लिहिताना डोक्यात होणारी जुळणी, आणि नंतर वाचायला हाताशी राहणारा कागद. आपली परीक्षा दुसऱ्यावरच चालते, आणि तो कागद तर गाईडच्या रूपाने दुकानात मिळतो. गाईड माझ्या वर्गातल्या कुठल्याही टिपणापेक्षा नीटनेटकं आहे, हे मी नाकारत नाही. पण गाईड बारावीपर्यंतच पुरतं. त्यानंतर लॉ कॉलेजात, नर्सिंगला, बँकेच्या प्रशिक्षणात किंवा ग्रामसभेत कुणी ‘पूर्णविराम’ म्हणत नाही. माझे माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षाची तक्रार हीच असते, की सर नुसते बोलत सुटतात. सर बरोबरच करतात. चुकलो ते आम्ही.

मर्यादा मात्र मान्य करतो. गणितातली सिद्धता किंवा भौतिकशास्त्रातलं सूत्र फळ्यावरून जसंच्या तसंच उतरवावं लागतं. तिथे टिपायचं ते एवढंच, की ही पायरी का घेतली, आणि ते डाव्या पट्टीत. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला इंग्रजीत जाऊन पडलेलं पोर तर स्पेलिंगपाशीच अडतं आणि पुढचं वाक्य निसटतं. त्याला सांगावं, ‘डिस्प्लेसमेंट’ ऐकलंस तर देवनागरीत लिही, स्पेलिंग थांब्यात बघ. ज्याला लिहिण्याचीच अडचण आहे त्याला शेवटपर्यंत सांगाडा द्यावा, त्यात कमीपणा नाही.

आणि गुण? भाषा विषयांना तोंडी आणि अंतर्गत मिळून वीस गुण आहेत. त्यातले काही या कामाला लावावेत, पण वहीच्या देखणेपणाला अजिबात नकोत. अपरिचित विषयावर आठ मिनिटं बोलावं, मुलांनी टिपावं, आणि दोन दिवसांनी त्याच टिपणाच्या आधारे पाच प्रश्नांची उत्तरं घ्यावीत. गुण उत्तरांना. वही तपासायचीच नाही. तपासली की तिला लाल मथळे आलेच.

शिक्षकांची अडचण वेगळी आहे. मुलांसमोर नमुना म्हणून आपण दाखवतो ते आपलं टाचण असतं, म्हणजे बोलण्याच्या आधी केलेलं. ते टिपण नव्हे. खरा नमुना दाखवायचा तर आपणही मागच्या बाकावर बसून ऐकलं पाहिजे. गेल्या वर्षी मी इतिहासाच्या मॅडमना विचारून त्यांच्या तासाला बसलो. मुलांबरोबर टिपलं आणि दुसऱ्या दिवशी माझं पान भिंतीला लावलं. दोन मुद्दे सुटले होते. एक मुद्दा कारणाचा, तो मी परिणामाच्या खाली लिहिला होता. तो शोधला खिडकीजवळच्या एका मुलीने, जी तोंडी परीक्षेतही बोलत नाही. ती उठली, भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "सर, हिरवं पेन आहे का?"